डायलवरचा आकडा आणि आतली आच

सकाळी सहा

आज संध्याकाळी सहाला एक केक जायचा आहे. एक किलोचा, साधा व्हॅनिला, सात वर्षांच्या मुलासाठी. ‘अंडं चालेल’ असं त्याच्या आईने आपणहून सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात तिला दुवा दिला. किलोच्या केकमध्ये स्पंज साधारण सहाशे ग्रॅमचा असतो, बाकीचं वजन क्रीम आणि साखरपाण्याचं. क्रीम फिस्कटलं तर पुन्हा फेटता येतं. स्पंज मात्र एकदा ओव्हनमध्ये गेला की आपल्या हातात फारसं काही राहत नाही, म्हणून दिवसातला पहिला वेळ त्याचा. त्यात काल मेसेज आलाय, देखभालीच्या कामासाठी दहा ते दोन वीज बंद. म्हणजे साडेनऊच्या आत स्पंज बाहेर जाळीवर हवा.

पुण्यातला डिसेंबर, स्वयंपाकघरात सोळा अंश. रात्रीच फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं बटर अजून कडक आहे. त्याचे तुकडे करून पातेल्यात घातले आणि पातेलं कोमट पाण्यावर मिनिटभर धरलं. बटर वितळवायचं नाही. अंगठा दाबला तर सहज खळगा पडावा, पण तूप सुटू नये, इतपतच. वितळलेल्या बटरमध्ये साखर घोटून हवा धरत नाही, आणि आजच्या स्पंजची निम्मी भिस्त त्या हवेवर आहे. अंडीही तासभर बाहेर हवीत. गार अंडी घातली की घोटलेलं बटर चरचरीत होऊन फाटतं.

प्रमाण जुनंच, अंड्यांच्या वजनावरून काढायचं. तीन अंडी फोडून वाटीत घेतली, भरली १४८ ग्रॅम. मग बटर, साखर, मैदा प्रत्येकी १५०. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, दूध दोन मोठे चमचे, व्हॅनिला एक छोटा चमचा. बटर खारं आहे, म्हणून मीठ नाही. साखर मिक्सरवर फिरवून घेतलेली, कारण आपली दुकानातली साखर जाड असते, बटरबरोबर घोटताना विरघळत नाही.

सात

आता ओव्हन लावायच्या आधी जाळी. हे काम बहुतेक जण उलट करतात. ओव्हन तापल्यावर दार उघडून, हात भाजत जाळी खालीवर करतात, आणि तोवर जमवलेली आच निघून जाते.

माझा ओटीजी अठ्ठावीस लिटरचा, वर दोन सळया, खाली दोन, जाळीसाठी तीन खाचा. पुस्तकांत ‘मधल्या खाचेत ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ते मोठ्या ओव्हनसाठी खरं आहे. छोट्या ओटीजीत खाच मोजण्यात अर्थ नाही, फूटपट्टीने मोजायचं. माझ्या ओव्हनमध्ये खालच्या सळयांपासून वरच्या सळयांपर्यंत वीस सेंटिमीटर. टिन सात इंची, साडेसात सेंटिमीटर उंच. मधल्या खाचेतली जाळी खालच्या सळईपासून नऊ सेंटिमीटरवर येते. तिच्यावर टिन ठेवला की त्याची कड साडेसोळावर जाते आणि वर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उरतात. फुगून वर आलेला केक लाल सळईच्या तोंडाशीच. हीच जाळी सर्वांत खालच्या खाचेत लावली तर ती पाच सेंटिमीटरवर बसते, टिनची कड साडेबारावर, आणि वर साडेसात सेंटिमीटर मोकळे. म्हणून माझी जाळी खाली. नियम खाचेचा नाही, टिनचा आहे: जाळी नव्हे, टिन ओव्हनच्या मध्यावर यायला हवा, आणि त्यातही वरच्या सळईपासून थोडा जास्त लांब.

याचं कारण असं की तापलेली सळई नुसती हवा गरम करत नाही, ती समोरच्या वस्तूला थेट भाजते. अंतर कमी झालं की हे भाजणं झपाट्याने वाढतं. गोव्यातल्या बेबिंकाला हेच हवं असतं. त्याचा एकेक थर वरच्या आचेवर भाजत नेतात. स्पंजला वरची आच लवकर मिळाली की पापुद्रा आधी धरतो आणि आतलं पीठ अजून फुगायचं असतं. मग ते कुठूनतरी वाट काढतं, मधोमध भेग पडून.

आणि टिन जाळीवरच. ओटीजीबरोबर जो काळा ट्रे मिळतो त्याच्यावर ठेवला तर खालची आच ट्रे अडवतो, केकचा तळ फिका आणि दमट राहतो.

टिनला तळाशी बटर पेपर, कडेला बटरचा हलका हात आणि मैद्याची भुरकी. माझा टिन ॲल्युमिनियमचा, चकचकीत. काळा नॉनस्टिक टिन आच जास्त ओढून घेतो, त्यात कडा आणि तळ लवकर तांबूस होतात. तो वापरायचा असला तर मी दहा अंश कमी ठेवते.

सव्वासात

ओव्हन लावला. दोन्ही सळया चालू, पंखा बंद. पंख्याने गरम हवा फिरते आणि केक लवकर भाजतो. ज्यांचा पंखा बंद होत नाही त्यांनी तापमान वीसेक अंशांनी उतरवायचं.

मला आत १७० अंश हवेत. डायल मी १८५ वर ठेवते. आत एक साधा ओव्हन थर्मामीटर जाळीला लटकवलेला असतो, त्यानेच हे शिकवलं की माझ्या ओव्हनचा डायल जवळपास पंधरा अंश पुढे बोलतो. दुसऱ्या कुणाचा वीस अंश मागे बोलत असेल. डायल म्हणजे फक्त खूण. आत काय आहे ते थर्मामीटरलाच विचारायचं.

आणि दिवा गेला म्हणजे ओव्हन तापला असंही नाही. दिवा जातो तेव्हा हवा तेवढी तापलेली असते, पत्रे नव्हे. शिवाय सळया विझल्यावरही काही वेळ आच देत राहतात, त्यामुळे काटा १७० ओलांडून १८५ पर्यंत जातो, मग उतरतो, १६० ला आला की सळया पुन्हा लागतात. असे दोन-तीन फेरे होऊ दिले की ओव्हनच्या भिंतीही तापतात आणि मग काटा १७० च्या आसपासच झुलतो. एकच आकडा पाहून घाबरायचं नाही, झोक्याचा मध्य पाहायचा. याला माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

तेवढ्यात मिश्रण. बटर-साखर बीटरने पाच मिनिटं, पिवळ्याचं पांढुरकं आणि हलकं होईपर्यंत. फेटलेलं अंडं थोडं थोडं, दर वेळी नीट मिसळू देत. शेवटच्या अंड्याला ते फाटतंय असं वाटलं, म्हणून चमचाभर मैदा आधीच घातला. बाकीचा मैदा बेकिंग पावडरसह दोनदा चाळून, हाताने, पलित्याने खालून वर. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. जास्त घोटलं तर मैद्याला चिवटपणा येतो. शेवटी दूध. पलिता उचलल्यावर मिश्रण क्षणभर थांबून पडलं, म्हणजे बरोबर.

टिन चाळीस टक्के भरला. अर्ध्याहून जास्त भरायचाच नाही.

सात पंचेचाळीस ते आठ पंचवीस

टिन आत. दार उघडून बंद करायला चार सेकंद, तरी काटा वीस अंशांनी खाली आला. दोन-तीन मिनिटांत परत चढला. भिंती तापलेल्या असण्याचा उपयोग इथे होतो.

आता काचेतून पाहायचं. पहिली आठ-दहा मिनिटं काही घडत नाही असं वाटतं. आत मात्र बटर वितळून मिश्रण पातळ झालेलं असतं, घोटून धरलेली हवा गरम होऊन फुगत असते, बेकिंग पावडरचा वायू सुटत असतो. या वेळी केक म्हणजे बुडबुड्यांनी भरलेलं पातळ पीठ, दुसरं काही नाही. त्याला आधार द्यायला अजून काहीच घट्ट झालेलं नाही.

दहाव्या मिनिटाला कडा वर येऊ लागल्या. टिनचा पत्रा आधी तापतो, म्हणून कडा पहिल्या, मध्य शेवटी. मधल्या भागात अजून खळगा आहे. वीस मिनिटांनी मध्य कडांच्या बरोबरीला आला, थोडा वर गेला, आणि ओव्हनला बोट लागलं तर डुलेल असा दिसतोय. हाच सर्वांत नाजूक काळ. बुडबुडे पूर्ण ताणलेले आहेत, पण त्यांच्या भिंती म्हणजे अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातलं स्टार्च अजून पक्कं झालेलं नाही. साखर जास्त असल्यामुळे ते पक्कं व्हायला आणखी उशीर लागतो. इथे दार उघडलं की आतली हवा गार होऊन आकसते आणि केक खाली बसतो. मग पुन्हा कितीही आच द्या, तो उठत नाही. वीज आत्ता गेली तर? दार न उघडता बसून राहायचं. तिसाव्या मिनिटानंतर गेली तर बंद ओव्हनच्या उरलेल्या आचेवर केक बहुतेक वेळा तरून जातो. पंधराव्याला गेली तर नाही.

आच कमी असण्याचा तोटा वेगळा. १४० वर ठेवला तर केक जळत नाही, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. पण भिंती धरायला इतका वेळ लागतो की छोटे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर जाऊन फुटतात. केक चपटा, फिका, आतून ढोबळ जाळीचा आणि कोरडा निघतो, कारण तो वेळही जास्त खातो.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला वास आला. आधी अंड्याचा कच्चा वास असतो, मग साखरेचा, मग भाजक्या बटरचा. तिसरा वास येईपर्यंत मी ओव्हनच्या दाराला हात लावत नाही. बत्तिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा दार उघडलं, टिन अर्धा वळसा फिरवला, कारण माझ्या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते. बोटाने मध्यभागी हलकेच दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. दार बंद, आणखी पाच मिनिटं.

सदतिसाव्या मिनिटाला पुन्हा. रंग मधासारखा, सगळीकडे सारखा. कडा टिनपासून एखाद-दोन मिलिमीटर सुटल्यात. बोट दाबलं तर खळगा परत भरून आला. कान जवळ नेला तर मंद चुरचुर, मोठा खदखदणारा आवाज नाही. मग टूथपिक, मधोमध, तळाच्या जवळपास. बाहेर आली तेव्हा तिच्यावर दोन-तीन ओलसर कण होते, ओलं पीठ नव्हतं. काढला.

टूथपिकबद्दल दोन शब्द जास्त लागतात, कारण सगळे तिच्यावरच विसंबतात. तिच्यावर चिकट पांढरं पीठ आलं तर कच्चा, हे सरळ आहे. पण ती अगदी कोरडी ठणठणीत निघणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ पाच मिनिटं उशीर झालाय असा असतो. कडेपाशी टोचली तर ती लवकर कोरडी निघते, आणि विणायच्या गुळगुळीत स्टीलच्या सुईला ओलं पीठही चिकटत नाही. लाकडाची खरखरीत काडी बरी. सुरीने तर केकच्या अंगावर जखम होते. ज्यांच्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे त्यांना मध्यभागी ९६ ते ९८ अंश दिसले की काम झालं. माझा कौल विचाराल तर बोटाचा खळगा आधी, सुटलेली कड नंतर, टूथपिक शेवटी, खात्रीपुरती.

साडेआठ

टिनमध्येच दहा मिनिटं. लगेच उलटा केला तर तो अजून मऊ असतो, मोडतो. तासभर टिनमध्येच ठेवला तर वाफ कोंडून तळ ओला होतो. दहा मिनिटांनी कडेने सुरी फिरवली, जाळीवर पालथा केला, बटर पेपर सोलला. उंची पाच सेंटिमीटर, माथा जवळजवळ सपाट.

त्याच आचेवर बारा कपकेक निघाले, त्याच जाळीवर, अठरा मिनिटांत. त्यांचं काही सांगण्यासारखं नाही.

साडेबारा

वीज गेलेली. खालच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी वर आली, हातात ताटलीत केक, वर कागद झाकलेला. नवा ओटीजी घेतलाय, काल रात्री पहिला केक.

“काकू, हसू नका हं.”

हसले नाही. केक वरून कॉफीसारखा गडद, मधोमध फाटलेला, आणि भेगेतून आत पाहिलं तर पिवळं ओलं पीठ. कापला तर बाहेरचा एक इंच कोरडा, मध्य शिऱ्यासारखा.

“डायल किती होता?”

“रेसिपीत १८० होतं. पण मला वाटलं नवीन आहे, कमी तापत असेल. दोनशे ठेवला.”

“जाळी?”

“वरची. म्हणजे नीट दिसेल म्हणून.”

“टिन काळा आहे ना? आणि दार?”

“दहा मिनिटांनी उघडलं. मग परत एकदा. वरून काळं व्हायला लागलं तेव्हा काढलाच.”

तिने रेसिपीला दोष द्यायची तयारी केली होती, पण रेसिपी ठीकच होती. वर जास्त आच, टिन वरच्या सळईला खेटून, काळा टिन, यांनी मिळून पापुद्रा आधीच पक्का केला. आतलं पीठ उशिरा फुगलं आणि फुटून बाहेर आलं. मग तिने रंगावरून ठरवलं की झाला. रंग फक्त वरच्या पापुद्र्याची बातमी देतो. आत काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. असं काळं पडू लागलं तर केक बाहेर न काढता वर ॲल्युमिनियम फॉइल सैल झाकायचं किंवा वरची सळई बंद करायची, आणि मध्य होईपर्यंत थांबायचं. पण तेही अर्ध्याहून जास्त वेळ झाल्यावर.

“दोनला वीज आली की खाली येते,” म्हटलं. “पाव आणून ठेव.”

दुपारी अडीच

तिचा ओव्हन रिकामा करून माझा थर्मामीटर मध्ये लटकवला, डायल १८०. पंधरा मिनिटांनी दिवा गेला. आम्ही बसून काटा लिहीत राहिलो: वर २१५, खाली १९०, पुन्हा २१५, पुन्हा १९०. झोक्याचा मध्य दोनशेच्या थोडा वर. म्हणजे तिचा ओव्हन वीसेक अंश जास्त तापतो, आणि काल डायल दोनशेवर असताना आत सव्वादोनशेच्या आसपास असणार. तिला आत १६५ हवेत, टिन काळा म्हणून. म्हणजे डायल साधारण १४५.

“१४५ वर केक होईल?” तिला पटेना.

“डायलवर १४५. केकला तो आकडा दिसत नाही.”

मग पावाची परीक्षा. जाळीवर पांढऱ्या पावाच्या सहा स्लाइस शेजारी शेजारी, आठ मिनिटं. मागच्या उजव्या कोपऱ्यातली स्लाइस तपकिरी, पुढची डावी अजून पांढरी. दार सुटं असलं तर पुढची बाजू थंड राहते. तिचं दार नीट बसतं, पण काच एकेरी आहे. उपाय साधा: टिन किंचित पुढच्या डाव्या बाजूला सरकवायचा आणि तीन-चतुर्थांश वेळ झाल्यावर वळवायचा. टिन ओव्हनच्या भिंतीला चिकटवायचा नाही, चारी बाजूंनी दोन बोटं हवा खेळायला हवी.

जाळी फूटपट्टीने मोजून तिनेच खाली लावली.

साडेचार

स्पंज पूर्ण गार झालाय. गरम असताना कापला तर सुरीला चिकटून चुरा होतो, आणि क्रीम वितळतं ते वेगळंच. दातेरी सुरीने आडवे तीन थर कापले. ही माझी आवडती तपासणी, कारण इथे ओव्हन खरं बोलतो. छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी हवीत. तळाशी चकाकणारा ओला पट्टा दिसला तर केक लवकर काढला किंवा बटर-साखर नीट घोटली नाही. माथ्याकडे उभे लांब बोगदे दिसले तर मैदा घातल्यावर जास्त घोटलं. कडेचा कोरडा तपकिरी काठ जाड असेल तर आच जास्त. आजचा काठ दोन मिलिमीटर, तळ कोरडा. थरांवर साखरपाणी, क्रीम, वर त्या मुलाने मागितलेला निळा डायनोसॉर, ज्याच्यावर स्पंजपेक्षा जास्त वेळ गेला.

संध्याकाळी सहा

केक गेला. बॉक्स उघडून डायनोसॉर पाहिला, स्पंजबद्दल कुणी काही विचारलं नाही, ते विचारणारही नाहीत.

साडेसात

खालून फोन. तिने पुन्हा केक लावलाय, आणि ओव्हन तापायलाच अर्धा तास लागला म्हणते. दुपारी पंधरा मिनिटांत तापला होता. मी विचारलं, दिवे मंद आहेत का? आहेत. आमच्या इमारतीत संध्याकाळी दाब उतरतो. सळईची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २३० ऐवजी २०० आले तर ती तीन-चतुर्थांशच उरते, पंधराशे वॉटचा ओव्हन सव्वाअकराशेचा होतो. तापमान गाठायला उशीर लागतो, आणि टिन आत घालताना पडलेली आच भरून यायलाही. केकला पाच-सात मिनिटं जास्त लागतील, डायल वाढवायचा नाही.

पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. “काकू, पस्तीस मिनिटं झाली. टूथपिक कोरडी आली. काढू?”

“कुठे टोचलीस?”

थोडा वेळ शांतता. “कडेजवळ.”

“मध्यावर बोट दाब.”

“दाबलं... खळगा राहिला.”

“दार लाव. पाच मिनिटांनी परत.”

चाळिसाव्या मिनिटाला खळगा अर्धाच भरला. पंचेचाळिसाव्याला पूर्ण भरला, कड सुटली होती, काडीवर ओले कण होते. तिला सांगितलं, दहा मिनिटं टिनमध्येच राहू दे, आणि ओव्हनच्या दारावर कागद चिकटवून लिहून ठेव: काळा टिन, जाळी खाली, डायल १४५, दुपारी चाळीस, संध्याकाळी पंचेचाळीस.